‘खात्यातच’चे ‘खातातच’ झाले तेव्हा : समितीला लिहिलेल्या एका दिलगिरीपत्राचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्याच्या उपनगरातील 84 सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत घडले. संस्थेचे, सभासदाचे आणि पदाधिकाऱ्यांचे नाव येथे दिलेले नाही, आणि सदनिकेचा क्रमांकही बदललेला आहे. पत्राचा मसुदा पाहण्यासाठी माझ्याकडे आला होता, त्यामुळे पहिला मसुदा, अंतिम पत्र आणि मधली चर्चा अशा तिन्ही गोष्टी मला जवळून पाहता आल्या.

काळ ऑगस्टचा होता. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून हिशेबाची कागदपत्रे तयार होत होती आणि संस्थेत पैशांची चर्चा नेहमीपेक्षा जास्त चालली होती. इमारतीच्या बाहेरून गिलावा आणि रंगकाम करण्याचा प्रस्ताव समितीपुढे होता. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला गळती लागली होती आणि आधी टाकी दुरुस्त करावी, रंगकाम नंतर पाहावे, असे काही सभासदांचे म्हणणे होते. दोन्ही कामांचा पैसा एकाच दुरुस्ती निधीतून यायचा होता. आदर्श उपविधींनुसार या निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चावर दरसाल किमान पाऊण टक्का वर्गणी घेतली जाते. म्हणजे हा पैसा प्रत्येकाच्या खिशातून दर महिन्याला गेलेला असतो, आणि त्याबद्दल एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी तो कोणी सहज सोडून देत नाही.

सहाव्या मजल्यावरील एका सभासद बाईंनी आदल्या संध्याकाळी जिन्यात सचिवांना गाठून निधीची स्थिती विचारली होती. सकाळी स्वयंपाक करता करता त्यांनी ती माहिती यजमानांना कळवण्यासाठी फोनवर बोलून टाइप केली. त्यांना म्हणायचे होते ते असे : ‘सचिवांना विचारलं. दुरुस्ती निधीचे पैसे अजून खात्यातच आहेत. कंत्राटदाराला देऊ नका म्हणावं. आधी टाकीचं काम बघू.’ नेमक्या त्याच वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी उशिरा येणार असल्याची सूचना आली, ग्रुप यादीत सर्वांत वर चढला आणि यजमानांच्या नावाऐवजी बोट ग्रुपवर पडले. न वाचता पाठवलेला संदेश ग्रुपवर असा उमटला :

‘सचिव ना विचारलं दुरुस्ती निधीचे पैसे अजून खातातच आहेत कंत्राटदाराला देऊन का म्हणावं आधी टाकीचं काम बघू’

ओघातल्या बोलण्यात ‘खात्यातच’मधला जोड यकार पुसट होतो, आणि यंत्राने तो गाळला. ‘देऊ नका’मधला ‘न’ मागच्या शब्दाला चिकटला. पूर्णविराम एकही आला नाही. एरवी असा संदेश वाचून लोक हसून पुढे गेले असते. येथे मात्र ‘सचिव’ आणि ‘पैसे खातात’ हे शब्द एकाच ओळीत आले होते आणि क्रियापदाला कर्ता नव्हता, त्यामुळे वाचणाऱ्याने जवळचा कर्ता आपणहून बसवून घेतला. गबाळ संदेशाचा खरा धोका हाच असतो. पूर्ण निरर्थक संदेश निरुपद्रवी असतो, पण ज्यातून अर्धवट आणि चुकीचा अर्थ निघतो तो आरोप म्हणून वाचला जातो, आणि त्यासाठी मागावयाची माफीही मग आरोप मागे घेण्याइतक्या काळजीने लिहावी लागते.

पुढची चूक घाईत झाली. यजमानांनी फोन करून विचारल्यावर बाईंनी संदेशावर बोट दाबून धरले आणि Delete for everyone ऐवजी Delete for me हा पर्याय निवडला. ही क्रिया उलटवण्याचा पर्याय पडद्यावर काही सेकंदच दिसतो, आणि तो त्यांच्या लक्षात येईपर्यंत गेला. परिणामी संदेश त्यांच्या फोनवरून नाहीसा झाला आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर राहिला. आता त्यांना तो सर्वांसाठी काढता येईना आणि पंधरा मिनिटांच्या मुदतीत दुरुस्तही करता येईना. तेवढ्यात दोन शेजाऱ्यांनी तो संदेश उद्धृत करून प्रश्नचिन्हे टाकली होती. अशा उत्तरात मूळ मजकूर दिसत राहतो, त्यामुळे मूळ संदेश काढला असता तरी विषय संपला नसता.

ग्रुपचे ॲडमिन स्वतः सचिव होते. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढता येतो, पण तेथे तो ॲडमिनने काढल्याची नोंद दिसते. सचिवांविषयीचा संदेश सचिवांनीच काढला असे 140 जणांना दिसणे हे संदेशापेक्षाही वाईट झाले असते. सचिवांनी तो काढला नाही, आणि माझ्या मते त्यांनी त्या दिवशी घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे ग्रुपवरचा छोटा खुलासा. तो पत्राच्या आधी गेला, कारण पत्र समितीकडे जाते आणि गैरसमज झाला होता तो ग्रुपवर. ग्रुप आणि संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपवर भाडेकरू होते, परगावी राहणाऱ्या सभासदांची मुले होती, व्यवस्थापकही होता, आणि यांपैकी कोणालाही समितीच्या पत्रव्यवहारातून काही कळणार नव्हते. उलट ग्रुपवरचा खुलासा कितीही चांगला असला तरी संस्थेच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. एकाने दुसऱ्याचे काम होत नसल्यामुळे दोन्ही करावे लागले. बाईंनी एका शेजाऱ्याचे प्रश्नचिन्हाचे उत्तर उद्धृत करून त्याखाली लिहिले :

‘आज सकाळी दुरुस्ती निधीबद्दलचा माझा संदेश या ग्रुपवर चुकून आला. तो घरच्या व्यक्तीसाठी होता आणि बोलून टाइप करताना त्यातील शब्द बदलले. मी तो न वाचता पाठवला. निधीची रक्कम संस्थेच्या खात्यात आहे, असे सचिवांनी मला सांगितले होते, आणि तेवढेच मला लिहायचे होते. झालेल्या गैरसमजाबद्दल मी सचिवांची आणि सर्वांची क्षमा मागते. – सदनिका 602’

या मजकुरात बिघडलेले वाक्य पुन्हा लिहिलेले नाही, हे मुद्दाम केले. ज्यांनी ते वाचले होते त्यांना आठवण करून देण्याची गरज नव्हती आणि ज्यांनी वाचले नव्हते त्यांना ते नव्याने दाखवण्याचे कारण नव्हते. त्याच संध्याकाळी बाई सचिवांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन आल्या. पत्र दुसऱ्या दिवशी लिहायला घेतले.

पहिला मसुदा असा होता :

‘काल माझ्या मोबाईलने केलेल्या चुकीमुळे ग्रुपवर एक विचित्र संदेश गेला. त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगीर आहे. गेली अनेक वर्षे मी संस्थेच्या प्रत्येक कामात सहकार्य करत आले आहे, हे आपणास माहीतच आहे. तथापि टाकीच्या गळतीकडे समितीने वेळीच लक्ष दिले असते तर हा विषयच निघाला नसता. तरी झाल्या प्रकारावर पडदा टाकावा, ही विनंती.’

बाईंचा हेतू स्वच्छ होता, तरी हे पत्र जसेच्या तसे गेले असते तर प्रकरण चिघळले असते. पहिल्याच वाक्यात चूक मोबाईलच्या माथी मारलेली आहे. यंत्राने शब्द बदलले हे खरे, पण न वाचता पाठवण्याचे काम यंत्राने केले नव्हते. ‘दुखावल्या असल्यास’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की तो लिहिताना काही खटकत नाही. वाचणारा सचिव मात्र त्याचा अर्थ असा घेतो की, मला लागले की नाही हेही हिला ठाऊक नाही, आणि येथे तर ज्याला लागले ती व्यक्ती एकच होती आणि बाई तिच्या घरी जाऊनही आल्या होत्या. सहकार्याचा उल्लेख म्हणजे जुन्या उपकारांचा हिशेब मांडल्यासारखे होते. सर्वांत मोठा घोळ टाकीच्या वाक्याने केला असता, कारण ‘लक्ष दिले असते तर’ म्हटल्याबरोबर माफीचे पत्र तक्रारीचे पत्र होते आणि समितीला उत्तर माफीला द्यावे की तक्रारीला, हेच कळत नाही.

या मसुद्यात काय नाही, हे त्याहून महत्त्वाचे. निधीची रक्कम खात्यात आहे, हे एकमेव वाक्य सचिवांना कागदावर हवे होते आणि तेच त्यात नव्हते. ‘विचित्र संदेश’ एवढे म्हटल्याने आरोप ना मागे घेतला जातो ना खोडला जातो. सहा महिन्यांनी दप्तरात हे पत्र कोणी वाचले तर नेमके काय झाले होते आणि खरे काय होते, याचा पत्ताच लागणार नाही.

एक प्रश्न मात्र खरोखर अवघड होता. मूळ संदेशातले तिसरे वाक्य, कंत्राटदाराला पैसे देऊ नका हे, बाईंचे खरे मत होते आणि सभेत त्या ते मांडणार होत्या. पत्रात ‘समितीच्या कोणत्याही निर्णयाबद्दल माझी काहीही हरकत नाही’ असे लिहावे, असे यजमानांचे म्हणणे पडले, म्हणजे विषय गोडीत मिटेल. पण ते खरे नव्हते, आणि सप्टेंबरच्या सभेत त्यांनी टाकीचा मुद्दा काढला असता तेव्हा हेच पत्र त्यांच्यापुढे धरले गेले असते. दुसरीकडे, मुद्दा मांडायला सुरुवात केली की पहिल्या मसुद्याचीच गत होते. मार्ग असा काढला की मत आहे एवढेच एका वाक्यात सांगायचे, ते काय आहे हे सांगायचे नाही, आणि त्यासाठी वेगळे पत्र द्यायचे. माफी मागितली म्हणजे मत मांडण्याचा हक्क सोडला असे होत नाही, परंतु दोन्ही एका कागदावर आले की वाचणाऱ्याला त्यातले एकच दिसते.

आणखी एक काळजी शब्दांची होती. समितीतील एक सदस्य अब्रुनुकसानीच्या नोटिशीची भाषा बोलत होते. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे आणि त्यात हेतू किंवा जाणीव हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. घरचा निरोप न वाचता चुकीच्या ठिकाणी गेला, येथे तशा कारवाईला फारसे बळ नव्हते, पण म्हणून पत्रात वाटेल ते लिहून चालत नाही. ‘मी सचिवांवर आरोप केला, त्याबद्दल क्षमस्व’ असे लिहिणे नम्रपणाचे वाटले तरी ते असत्य आहे, कारण आरोप केलाच नव्हता. ‘माझ्या संदेशातून असा अर्थ निघत होता’ हे खरे आहे, आणि ते मान्य करण्यात काही कमीपणाही नाही.

अंतिम पत्र पुढीलप्रमाणे गेले :

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती
(मार्फत : मा. सचिव)

विषय : रहिवाशांच्या ग्रुपवर चुकून गेलेल्या संदेशाबद्दल दिलगिरी व खुलासा

महोदय,

मी सदनिका क्रमांक 602 ची सभासद असून, मंगळवारी सकाळी माझ्या फोनवरून रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुरुस्ती निधीसंबंधी एक संदेश गेला. हा संदेश मी माझ्या यजमानांसाठी बोलून टाइप केला होता. टाइप होताना त्यातील शब्द बदलले, आणि तो न वाचता व कोणाला जात आहे हे न पाहता मी पाठवला. ही निष्काळजी माझी आहे.

संदेशाच्या बदललेल्या शब्दांतून मा. सचिवांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतल्यासारखा अर्थ निघत होता. तसे मला म्हणायचे नव्हते आणि तशी शंका माझ्या मनात नाही. सोमवारी मी विचारले असता दुरुस्ती निधीची रक्कम संस्थेच्या बँक खात्यात शिल्लक असल्याचे मा. सचिवांनी मला सांगितले होते, आणि हीच माहिती मी घरी कळवीत होते.

मा. सचिवांना यामुळे सर्व रहिवाशांपुढे जो मनस्ताप सहन करावा लागला, त्याबद्दल मी त्यांची मनःपूर्वक क्षमा मागते. समितीला झालेल्या त्रासाबद्दलही मी दिलगीर आहे. ग्रुपवर मी त्याच दिवशी खुलासा केला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.

दुरुस्तीच्या कामांच्या क्रमाविषयी माझे काही म्हणणे आहे. ते मी स्वतंत्र पत्राने देईन, त्याचा या प्रकाराशी संबंध नाही.

हे पत्र समितीच्या पुढील सभेत वाचावे व दप्तरी ठेवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
सभासद, सदनिका क्र. 602

पत्र अध्यक्ष आणि समितीच्या नावे आहे, पण गेले सचिवांमार्फत, याला कारण आहे. संस्थेचा पत्रव्यवहार सचिव पाहतात, त्यामुळे ते त्यांच्या हाती जाणारच. केवळ सचिवांच्या नावे लिहिले असते तर ते दोघांमधले खाजगी पत्र झाले असते आणि समितीपुढे ठेवणे सचिवांनाच संकोचाचे वाटले असते. शेवटच्या ओळीतील ‘वाचावे व दप्तरी ठेवावे’ या विनंतीमुळे तो संकोच उरला नाही. ‘खाते’, ‘खाणे’ हे शब्द अंतिम पत्रात जपून वापरले आहेत. ‘बँक खात्यात शिल्लक’ असे लिहिले, म्हणजे पुन्हा कोणाला एखादे अक्षर गाळून वाचता येऊ नये. ही सावधगिरी जरा हास्यास्पद वाटेल, पण ज्या शब्दाने एकदा दगा दिला त्यावर लगेच भार टाकू नये.

पत्राच्या दोन प्रती संस्थेच्या कार्यालयात दिल्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती परत आणली. माफीच्या पत्रावर पोच मागणे बाईंना रुक्ष वाटत होते. परंतु समिती बदलते, दप्तर एका कपाटातून दुसऱ्यात जाते, आणि पत्र दिले होते हे सांगायला पोचेखेरीज काही हाती राहत नाही.

समितीच्या सभेत पत्र वाचले गेले. हे पत्र सूचनाफलकावर लावावे, असे एका सदस्याने सुचवले. त्यावर बाईंचे म्हणणे असे होते की ग्रुपवर खुलासा केलेला आहे आणि फलकावर पत्र लावल्यास ज्या ज्येष्ठ सभासदांकडे स्मार्टफोन नाही त्यांना या प्रकाराची वार्ता पहिल्यांदाच कळेल. हे म्हणणे सचिवांनाच आधी पटले. इतिवृत्तात नोंद झाली ती दोन वाक्यांची : सदनिका 602 च्या सभासदांचे दिलगिरीचे पत्र वाचले व स्वीकारले, आणि विषय बंद करण्यात आला. बाईंना तसे लेखी कळवण्यात आले. टाकीविषयीचे त्यांचे वेगळे पत्र त्याच सभेत पुढच्या क्रमांकावर होते, आणि अभियंत्याला बोलावून टाकीची पाहणी करून घ्यावी असा निर्णय त्यावर झाला.

पत्राला एक गोष्ट साधता आली नाही. मूळ संदेशाचा स्क्रीनशॉट त्या सकाळीच काही जणांच्या वेगळ्या ग्रुपवर गेला होता आणि तेथून कुठे कुठे गेला हे कोणालाही सांगता येत नव्हते. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत एका सभासदाने तो फोनवर उघडून निधीविषयी प्रश्न केला. सचिवांनी बँकेचे शिलकीचे प्रमाणपत्र आणि 602 चे पत्र एकापाठोपाठ वाचून दाखवले. विचारणाऱ्याने पत्राची तारीख विचारली, ती आवक शिक्क्यावरून सांगण्यात आली, आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे टाकीच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाकडे वळली.